"फक्त एक सही हवी आहे": कर्जाच्या अर्जावरील तारण आणि जामीनदार



हॅमिल्टनमध्ये नव्याने आलेल्या मुलाला पहिल्या महिना-दोन महिन्यांतच कळून चुकते की इथे गाडीशिवाय काम भागत नाही. बस आहे, पण रात्रपाळी संपवून पहाटे पाचला घरी आणणारी बस नाही. हाताशी हजार-दीड हजार डॉलर असतात, बाकीचे कर्ज काढावे लागते. इथल्या बँकेत किंवा फायनान्स कंपनीत त्याचा पूर्वेतिहास काहीच नसतो, म्हणून कंपनी विचारते, "गॅरंटर आहे का कोणी?" मग आपल्यापैकी कोणा काकांना किंवा दादाला फोन जातो: "काका, काही नाही, फक्त एक सही हवी आहे. गाडी तारण आहेच, तुम्हाला काही त्रास होणार नाही."

या वाक्याचा शेवटचा भाग चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे हे सांगण्यासाठीच हा लेख आहे. मुलगा खोटे बोलत नसतो, त्याला खरोखरच तसे वाटत असते. सही करणाऱ्यालाही तसेच वाटते.

(मी महाराष्ट्रात बरीच वर्षे एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात काढली. वकील नाही. तेव्हा हे वाचून माहिती घ्यावी, पण सही करण्याआधी स्वतःचा कागद इथल्या वकिलाला दाखवावा.)

वस्तू आणि माणूस

तारण म्हणजे वस्तू. घर, गाडी, सोने, मुदत ठेव. हप्ते थांबले तर ही वस्तू विकून पैसे वसूल करायला कर्ज देणाऱ्याला दिलेला तो हक्क असतो. इथल्या फॉर्मवर बहुधा "सिक्युरिटी" हा शब्द असतो, काही ठिकाणी "कोलॅटरल". जामीनदार म्हणजे माणूस. त्याने कोणतीही विशिष्ट वस्तू दिलेली नसते, त्याने शब्द दिलेला असतो: कर्जदाराने भरले नाही तर मी भरीन. वस्तूची जबाबदारी वस्तूच्या किमतीपाशी थांबते. माणसाची तशी थांबत नाही. त्याचा पगार, त्याची बचत, आणि शेवटी त्याचे घरसुद्धा त्या शब्दामागे उभे असते, जरी फॉर्मवर त्याच्या घराचा एका अक्षरानेही उल्लेख नसला तरी.

घोटाळा होतो तो दोन्ही एकाच फॉर्मवर असतात तेव्हा. सही करणाऱ्याची समजूत असते की आधी गाडी, गाडीने भागले नाही तर कर्जदार, आणि अगदीच काही उरले तर मी. अशी रांग कायद्यात नाही. कराराच्या कागदात मुद्दाम लिहिली असेल तरच असते, आणि कंपनीने स्वतः छापलेल्या कागदात ती मला कधी दिसलेली नाही.

आणखी दोन रकाने असतात, त्यांच्याशीही गल्लत करू नये. "रेफरी" म्हणजे फक्त ओळख सांगणारा, त्याच्यावर पैशाची काही जबाबदारी नाही. "को-बॉरोअर" म्हणजे सहकर्जदार. तो दुय्यम नाही, पहिल्या दिवसापासून कर्ज त्याचेही आहे. मराठीत "मी त्याच्या कर्जावर सही केली आहे" या एका वाक्यात हे तिन्ही जण येतात, म्हणून आपण नेमके कोणत्या रकान्यात आहोत हे सहीआधी बोट ठेवून विचारावे.

सवय कुठून आली

आपल्याकडे जामीन राहणे ही शेजारधर्माची गोष्ट समजली जाते. पतसंस्थेत किंवा नोकरदारांच्या सोसायटीत कर्ज घ्यायचे तर दोन जामीनदार लागतात. कचेरीत शेजारच्या टेबलावरचे दोघे सही देतात, पुढच्या वर्षी त्यांच्या अर्जावर आपण देतो. बहुतेक वेळा काही होत नाही, कारण महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ४९ मुळे हप्ता परस्पर पगारातूनच कापला जातो. कर्जदाराने नोकरी सोडली की मात्र तीच कपात जामीनदाराच्या पगाराकडे वळते. माझ्या टेबलासमोर उभे राहून "साहेब, मी तर नुसती सही केली होती" म्हणणारी माणसे मी इतकी पाहिली आहेत की आता चेहरे आठवत नाहीत, वाक्य तेवढे आठवते.

भारतात हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने १९६८ सालीच निकालात काढला. बँक ऑफ बिहारने दामोदर प्रसाद नावाच्या गृहस्थांना कर्ज दिले होते आणि पारसनाथ सिन्हा त्यांना जामीन होते. कर्ज थकले, बँक कोर्टात गेली. खालच्या कोर्टाने दोघांविरुद्ध निकाल दिला, पण एक अट घातली: आधी दामोदर प्रसादांकडून वसुलीचे सगळे उपाय संपवा, मगच जामीनदाराकडे जा. ऐकायला किती न्याय्य वाटते! पाटणा उच्च न्यायालयानेही ती अट कायम ठेवली. सर्वोच्च न्यायालयाने ती काढून टाकली. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, करारात वेगळे लिहिले नसेल तर. बँकेला थांबायला लावायचे असेल तर मग जामीन घेण्यात अर्थच काय, असा न्यायालयाचा विचार होता.

न्यूझीलंडचा कायदा याच इंग्रजी मुळाचा आहे. इथेही कर्ज देणारा आधी कर्जदाराच्या मागे लागायला किंवा आधी तारण विकायला बांधलेला नाही. शिवाय छापील कागदात बहुधा एक कलम असते की जामीनदार हा "प्रिन्सिपल डेटर" असल्यासारखा, म्हणजे मूळ कर्जदार असल्यासारखा, जबाबदार राहील. हे कलम दिसले की समजावे: मागणीचे पहिले पत्रसुद्धा तुमच्याच पत्त्यावर येऊ शकते.

गाडीचा हिशेब

आता आकड्यांत पाहू. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत, पण साधारण असेच घडते.

गाडीची किंमत १६,५०० डॉलर. मुलाने १,५०० भरले, १५,००० कर्ज घेतले, १५ टक्के व्याज, ४ वर्षे. महिन्याचा हप्ता सुमारे ४१७ डॉलर. गाडी तारण, आणि आपल्यातले एक काका जामीनदार. चौदा हप्ते वेळेवर गेले. मग मुलाची नोकरी गेली, व्हिसाची मुदत संपत आली, आणि पंधरावा हप्ता गेला नाही. त्या दिवशी मुद्दल बाकी आहे सुमारे ११,५०० डॉलर. चौदा महिन्यांत ५,८०० हून अधिक भरले आणि मुद्दल फिटले फक्त ३,५००, कारण सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजच जास्त असते.

मुलगा लाजेने कोणाला सांगत नाही. चार महिने जातात. व्याजाचे सुमारे ६०० चढतात, उशिराचे आकार आणि गाडी ओढून नेण्याचा खर्च मिळून ५०० धरू. बाकी झाली १२,६००. गाडी लिलावात जाते. सहीच्या दिवशी १६,५०० ची वाटणारी गाडी लिलावात ७,४०० ला जाते, त्यातून विक्रीचा खर्च ५०० वजा. हाती ६,९००. उरले ५,७०० डॉलर. मुलगा एव्हाना भारतात किंवा ऑस्ट्रेलियात. कंपनीला त्याच्या मागे परदेशात जाण्याची गरज नाही, कारण काका हॅमिल्टनमध्येच आहेत, त्यांना पगार आहे, पत्ता माहीत आहे. काकांनी भरले नाही तर कोर्टाचा हुकूम घेऊन पगारातून कपात होऊ शकते, आणि त्यांच्या स्वतःच्या पतनोंदीत थकबाकी लागू शकते.

आणि ही तुलनेने बरी गोष्ट झाली. गाडीचा विमा नसताना ती ठोकली गेली असती तर तारणच संपले असते आणि पूर्ण रक्कम काकांवर आली असती. म्हणून जामीन राहणाऱ्याने गाडीच्या विम्याची पावती बघावी, आणि विमा दरवर्षी चालू आहे याची खात्री करावी. पाहुणा म्हणून विचारायला अवघड वाटते, पण जामीनदाराला विचारायचा हक्क आहे.

आता हीच गोष्ट पंधरावा हप्ता चुकल्यावर लगेच काकांना कळली असती तर? दोन हप्ते थकलेले असतील तर भरायचे ८३४ डॉलर आणि वर थोडा आकार. तेवढे भरून, कंपनीची लेखी परवानगी घेऊन, मुलाने गाडी स्वतः खाजगीत विकली असती तर लिलावापेक्षा बरा भाव मिळाला असता. समजा ९,५०० मिळाले आणि सगळे कंपनीला दिले, तर आधी भरलेले ८३४ धरूनही एकूण भार राहतो तेवीसशेच्या आसपास. ५,७०० आणि २,३०० यांतला फरक फक्त वेळेवर कळण्याचा आहे. (परवानगीशिवाय गाडी विकू नये. तारणाची नोंद पीपीएसआर या सरकारी नोंदवहीत गाडीच्या नावे असते, आणि पुढच्या खरेदीदाराकडूनही गाडी ओढून नेली जाऊ शकते.)

म्हणून सही करतानाच कंपनीला एक छोटे पत्र द्यावे: "हप्ता चुकल्यास त्याची सूचना मलाही त्याच दिवशी पाठवावी." ईमेलने पाठवावे आणि उत्तर जपून ठेवावे. मुलालाही सांगावे की हप्ता चुकणार असे वाटले तर आधी मला फोन कर, रागावणार नाही. खरे सांगायचे तर ही दुसरी सूचना पहिलीपेक्षा जास्त उपयोगी पडते.

इथला कायदा काय देतो

घरगुती वापराच्या कर्जांसाठी इथे २००३ चा क्रेडिट कॉन्ट्रॅक्ट्स अँड कन्झ्युमर फायनान्स ॲक्ट आहे. जून २०१५ पासून त्यात कर्ज देणाऱ्याची जबाबदारी वाढवली आहे. जामीनदाराला पेलवेल का याचीही त्याने चौकशी केली पाहिजे, आणि जामीनकीच्या अटी त्याला समजतील अशा रीतीने दिल्या पाहिजेत. तेव्हा "तुमच्यासाठी वेगळा कागद नाही" असे कोणी म्हणाले तर सही करू नये. जामीनकी लेखी आणि सही केलेली असावीच लागते, तोंडी जामीन कोर्टात टिकत नाही.

गाडी नेण्याआधी कंपनीने कर्जदाराला लेखी इशारा द्यावा लागतो आणि त्यानंतर किमान १५ दिवस थांबावे लागते. नेल्यावरही लगेच विकता येत नाही. या मुदतीत थकलेली रक्कम भरून गाडी सोडवता येते. विकताना वाजवी मिळेल तो सर्वात चांगला भाव घेण्याची जबाबदारी कंपनीवर आहे, आणि विक्रीनंतरचा हिशेब मागण्याचा हक्क आहे. मागावाच. गाडी कवडीमोलाने गेली असेल तर फरकाचा बोजा जामीनदारावर येतो, म्हणून त्या हिशेबाकडे सर्वांत बारकाईने बघायचे ते जामीनदाराने.

नोकरी गेली, आजारपण आले, अपघात झाला तर कर्जदाराला हप्ते कमी करून मुदत वाढवून मागता येते. याला इथे हार्डशिप अर्ज म्हणतात. पण तो वेळेत करावा लागतो. थकबाकीला दोन महिने उलटले की तो हक्क जातो. आमच्या उदाहरणातल्या मुलाने चार महिने गप्प राहून नेमका हाच दरवाजा बंद केला.

या सगळ्याला एक मोठी मर्यादा आहे. हे संरक्षण घरगुती कर्जापुरते आहे. मित्राने डेअरी चालवायला घेतली (इथे डेअरी म्हणजे कोपऱ्यावरचे दुकान, हे नव्या मंडळींसाठी) आणि त्याच्या कंपनीच्या कर्जाला किंवा जागेच्या भाडेकराराला तुम्ही वैयक्तिक जामीन राहिलात, तर वरची बहुतेक कलमे तुमच्या कामाची नाहीत. पत्नीने पतीच्या धंद्यासाठी केलेली सहीही याच सदरात येते. कंपनी बुडाली तरी जामीनकी बुडत नाही. कर्जदाराने दिवाळखोरी जाहीर केली तरी तो सुटतो, जामीनदार सुटत नाही.

कागदात शोधायची दोन वाक्ये

पहिले वाक्य रकमेचे. जामीनकी "लिमिटेड" आहे की नाही? आकडा लिहिला असेल, उदाहरणार्थ १०,००० डॉलर, तर वर व्याज आणि वसुलीचा खर्च धरायचा की त्याच्या आतच, हे विचारावे. आकडा नसेल तर मर्यादा नाही.

दुसरे वाक्य याहून धोक्याचे. काही कागदांत जामीनकी "या कर्जापुरती" नसून कर्जदाराच्या त्या संस्थेकडील "सर्व देण्यांसाठी" असते, आजच्या आणि पुढच्याही. तुम्ही गाडीसाठी सही केली, आणि दोन वर्षांनी त्याने त्याच ठिकाणी घेतलेले क्रेडिट कार्डही तुमच्या सहीखाली आले. भारतातल्या कागदांत याला चालू स्वरूपाची हमी म्हणतात. करार कायद्याच्या कलम १३० प्रमाणे पुढच्या व्यवहारांपुरती ती नोटीस देऊन थांबवता येते, इथल्या कागदांतही बहुधा तशी सोय असते. मात्र नोटिशीच्या दिवसापर्यंतचे देणे तुमच्याच माथी राहते. सही करतानाच "फक्त अमुक क्रमांकाचे कर्ज" असे लिहून मागावे. बँक बऱ्याचदा मान्य करते, मागणारा कमी असतो एवढेच.

जामीनकी नुसती कपाटात पडून राहते असेही नाही. स्वतःच्या घरकर्जासाठी बँकेत गेलात की "कोणाला जामीन आहात का" हा प्रश्न येतो, आणि खरे उत्तर दिले की तेवढी तुमची कर्ज घेण्याची ऐपत कमी धरली जाऊ शकते.

आई-वडिलांचे घर

आता ज्या ठिकाणी वस्तू आणि माणूस एकत्र येतात ते प्रकरण. मुलाला किंवा मुलीला हॅमिल्टनमध्ये पहिले घर घ्यायचे असते, अनामत रक्कम कमी पडते, आणि आई-वडील आपल्या घराचा आधार देतात. इथे आई-वडील जामीनदारही असतात आणि त्यांचे घर तारणही असते. घर दिले म्हणजे घरापुरतीच जबाबदारी, असे समजू नये. जामीनकीचा कागद वेगळा असतो, आणि घर विकून भागले नाही तर त्या कागदावरच्या मर्यादेपर्यंत त्यांच्याकडून वैयक्तिक मागणीही होऊ शकते. बँकेला घर विकण्याआधी २००७ च्या प्रॉपर्टी लॉ ॲक्टप्रमाणे नोटीस देऊन किमान २० कामाचे दिवस द्यावे लागतात, आणि जामीनदारालाही नोटिशीची प्रत द्यावी लागते.

अशा वेळी दोन गोष्टी लिहून घ्याव्यात: रकमेची मर्यादा, आणि सुटका कधी. उदाहरणार्थ, कर्ज घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांच्या खाली आले की आई-वडिलांचे घर मोकळे करावे. ही सुटका आपोआप होत नाही. अर्ज करावा लागतो, नवे मूल्यांकन करावे लागते, आणि वकिलाकडून नोंद काढून घ्यावी लागते. बँका अशा जामीनदाराला स्वतंत्र वकिलाकडे पाठवतात. "स्वतंत्र" म्हणजे मुलाचा वकील नव्हे. ते दोन-चारशे डॉलर वाचवण्यासाठी एकाच वकिलाकडे जाऊ नये.

याची उलट बाजूही आपल्या घरात असते. मुलगा वायकाटो विद्यापीठात शिकायला येतो ते भारतातल्या शैक्षणिक कर्जावर, आणि नाशिक-पुण्याचा फ्लॅट तिथे तारण असतो. वडील बहुधा सहकर्जदार असतात, कधी मामा जामीनदार. मुलाने इथून हप्ते थांबवले तर ९० दिवसांनी कर्ज थकीत खात्यात जाते, आणि तारण असलेल्या घरावर २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस निघू शकते. नोटीस फ्लॅटच्या पत्त्यावर जाते, हॅमिल्टनला नाही. मुलगा परदेशी आहे हे कारण तिथे कोणी ऐकत नाही.

भरल्यानंतर

जामीनदाराने कर्ज फेडले तर तो धर्मादाय झाला असे नाही. ती रक्कम कर्जदाराकडून वसूल करण्याचा हक्क त्याला मिळतो, आणि पूर्ण कर्ज फेडले असेल तर कर्ज देणाऱ्याकडे असलेले तारणही त्याच्याकडे येऊ शकते. भारतात हे कलम १४० आणि १४१ मध्ये आहे, इथेही तत्त्व तेच. म्हणजे काकांनी लिलावाआधीच सर्व बाकी चुकती केली असती, तर गाडीवरचा कंपनीचा हक्क त्यांना मागता आला असता. दोन जामीनदार असतील आणि एकाने सगळे भरले, तर दुसऱ्याकडून त्याचा वाटा मागता येतो. मात्र कंपनीला तशी सक्ती नाही, ती एकाकडूनच सगळे घेऊ शकते.

यासाठी कागद लागतात. भरलेल्या प्रत्येक रकमेची पावती, कर्ज पूर्ण झाल्याचे पत्र, आणि जामीनकीतून मुक्त केल्याचे वेगळे पत्र. हे तिसरे पत्र बहुतेक जण मागत नाहीत. कर्ज फिटले तरी "सर्व देण्यांसाठी" दिलेली जामीनकी कागदावर जिवंत राहते, तेव्हा शेवटचा हप्ता गेला की त्याच आठवड्यात ते पत्र मागून घ्यावे.